शुक्रवार, पंधरा मार्च

वासंतीबाई साखळकरांनी तिसरी मुलाखत वाचून संपवली आणि दिवाळी अंक टेबलावर असा आपटला, की वाचनालयाच्या संदर्भ विभागातले दोघे-तिघे मान वर करून बघू लागले. बाईंनी त्यांच्याकडे नजर टाकताच माना पुन्हा खाली गेल्या. पस्तीस वर्षांच्या शाळेतल्या नोकरीत मिळवलेली ती नजर निवृत्तीनंतरही शाबूत होती.

"माणसाला बालपण एकच असतं ना, समरीन?" त्यांनी विचारले. "मग या काशीरामला तरुणपणं तीन-तीन कशी?"

समोर बसलेली समरीन एकेकाळी त्यांची विद्यार्थिनी. आता महाविद्यालयात इतिहास शिकवत होती. जिल्ह्यातील कर्तृत्ववान व्यक्तींचा चरित्रकोश वाचनालयाने काढायला घेतला होता. बाई त्याच्या संपादक, समरीन सहसंपादक. दोनशे अकरा नोंदी मार्गी लागल्या होत्या. घोडे अडले होते ते एकाच नोंदीवर: नाखरे गावचे चित्रपट-दिग्दर्शक काशीराम नाखरेकर. गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच वारले होते. आता विचारायचे कोणाला?

"चौसष्ट सालच्या मुलाखतीत म्हणतात, मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवत होतो," समरीनने आपल्या कागदावरून वाचले. "एकाहत्तरमध्ये म्हणतात, स्टुडिओत क्लॅप द्यायचो. आणि या त्र्याऐंशीच्या मुलाखतीत, एका वितरकाचा प्रतिनिधी म्हणून चित्रपटाचे डबे घेऊन कोकणभर हिंडलो."

"उद्या कोणी विचारलं असतं तर म्हणाला असता, गलबतावर खलाशी होतो!"

"पण बाई, एक गोष्ट तिन्हीकडे सारखी आहे. माझा पहिला चित्रपट 'खाजणातली वाट', असं तिन्ही वेळा म्हणालेत."

बाईंचा चेहरा कठोर झाला. "म्हणणारच. कृतघ्न माणसाची स्मरणशक्ती सोयीचीच असते."

यामागे चाळीस वर्षांचा राग होता. बाईंचे यजमान दत्तात्रेय मास्तर तरुणपणी मुंबईत होते. नाखरेकरांच्या 'दोन गलबतं' या चित्रपटाची कथा आणि संवाद त्यांचे. पुढे मास्तर रत्नागिरीला परतले, शिक्षक झाले, साठ साली त्यांचे बाईंशी लग्न झाले. "काशीरामचा पहिला चित्रपट माझा," हे वाक्य त्यांनी जन्मभर सांगितले आणि त्या चित्रपटाच्या जाहिरातीचे कात्रण जन्मभर चौकटीत जपले. 'खाजणातली वाट' गाजला, नाखरेकर मोठे झाले. पण एकाही मुलाखतीत त्यांनी 'दोन गलबतं'चे नाव घेतले नाही. मास्तर सहा वर्षांपूर्वी गेले. चरित्रकोशात सत्य छापून यावे, मास्तरांचा हक्क त्यांना मरणोत्तर तरी मिळावा, ही बाईंची एकच इच्छा होती. नोंद त्यांनी स्वतः लिहिली होती: "पहिला प्रदर्शित चित्रपट: दोन गलबतं (१५ मार्च १९५७). पुढे यशाच्या धुंदीत नाखरेकरांना या चित्रपटाचे विस्मरण झाले." ते पान जुळवून छापखान्याने मुद्रितही पाठवले होते. सोमवारी ते तपासून परत द्यायचे होते.

"कात्रणावरून तारीख लावता येणार नाही, बाई," समरीन हळूच म्हणाली. "ती जाहिरात छापलेला अंक बघायला हवा."

"मग बघू. कोण नाही म्हणतंय?"

अंक होते मजीदभाईंकडे. त्यांच्या वडिलांची शहरात टॉकीज होती. मुंबईत काय लागले, कुठे किती आठवडे चालले, हे कळावे म्हणून टॉकीजवाले चित्रधंद्याचे इंग्रजी साप्ताहिक मागवत. मजीदभाईंच्या वडिलांनी ते वर्षावर्षाने बांधून ठेवले होते. टॉकीज बंद पडून तिथे लग्नाचा हॉल झाला तरी वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीतले बाड कोणी हलवले नव्हते.

शनिवारी सकाळी बाई समरीनला घेऊन जिना चढून वर गेल्या, तेव्हा सत्तरीचे मजीदभाई फडक्याने खुर्ची पुसत होते.

"या वहिनी. मास्तर असते तर म्हणाले असते, मजीद, तुझी टॉकीज गेली पण धूळ हाउसफुल आहे!"

"ते तसंच म्हणाले असते," बाई म्हणाल्या, पण बसल्या नाहीत. "आधी मला सांगा, हा काशीराम वितरकाचा प्रतिनिधी म्हणून तुमच्याकडे कधी आला होता का?"

"आला होता म्हणजे? बोटीतून डबे उतरवून घेऊन यायचा. हातात वितरकाचं अधिकारपत्र, त्याशिवाय अब्बा दारात उभं करायचे नाहीत. शो चालू असताना हा खाली बसून प्रेक्षक मोजायचा सोडून पडद्याकडेच बघत बसायचा. अब्बा म्हणायचे, हा पोरगा नोकरी टिकवणार नाही."

"आठवणी पुरेत. कागद आहे?"

मजीदभाई हसले. "वहिनी, तुमच्या वर्गात मी नव्हतो हे बरं झालं." पण त्यांनी लोखंडी कपाट उघडले, आणि अर्ध्या तासाने एका फाइलमधून ते पत्र निघालेच: ऑक्टोबर एकोणीसशे बावन्न, वितरकाचा शिक्का, खाली 'आमचे प्रतिनिधी श्री. काशीराम नाखरेकर' आणि त्यांची नमुना-सही.

समरीनने ते उतरवून घेतले. "म्हणजे त्र्याऐंशीची मुलाखत खरी."

"एवढ्यापुरती," बाईंनी दुरुस्ती केली. "फलक आणि क्लॅप यांना पुरावा सापडेपर्यंत 'मुलाखतीत सांगितल्यानुसार' असंच लिहायचं. आता सत्तावन्न सालचं बाड काढा."

बाड निघाले. कसरीने कडा कुरतडल्या होत्या, पण मजकूर वाचता येत होता. सेन्सॉरने संमत केलेल्या चित्रपटांच्या फेब्रुवारीतल्या यादीत 'दोन गलबतं' होता. आणि नऊ मार्चच्या अंकात पानभर जाहिरात, हुबेहूब घरच्या कात्रणासारखी: शुक्रवार, पंधरा मार्चपासून, गिरगावातल्या एका थिएटरात, रोज तीन खेळ. खाली बारीक अक्षरांत कथा-संवाद म्हणून मास्तरांचे नाव.

बाईंनी चष्मा सारखा केला. आता त्या खुर्चीवर बसल्या. "घे उतरवून. झालं समाधान?"

 समरीनने पुढचे पान उलटले आणि ती थांबली. सोळा मार्चचा अंक बाडात नव्हता. नऊनंतर एकदम तेवीस.

"बाई, जाहिरात म्हणजे प्रदर्शन नव्हे. जाहीर केलेला चित्रपट ऐन वेळी मागे पडायचाच की. सोळाचा अंक मिळाला असता तर..."

"एक अंक नाही म्हणून चित्रपट लागलाच नाही? इतिहास शिकवतेस का वकिली करतेस?"

"मी फक्त विचारतेय, बाई."

"विचारू नकोस. बघ. नाहीतर बाजूला हो, मीच बघते."

बाईंनी बाड आपल्याकडे ओढले. तेवीस मार्चचा अंक त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतला. परीक्षण नाही. धंद्याच्या सदरात नाव नाही. तीस मार्च, सहा एप्रिल. कुठेही 'दोन गलबतं' नाही.  एवढा चित्रपट लागला आणि या शहाण्यांनी चार ओळीसुद्धा लिहू नयेत? उन्हाने पत्रा तापला होता. मजीदभाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. बाईंनी तो न बघताच बाजूला सारला आणि पुन्हा तेवीस मार्चवर आल्या.

या वेळी त्यांची नजर एका जाहिरातीवर पडली. मघाशी तिच्यावरून त्या तशाच पुढे गेल्या होत्या, कारण ती एका हिंदी पौराणिक चित्रपटाची होती आणि त्यांना त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. हनुमंताच्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते: तिसरा आठवडा, प्रचंड गर्दीत. त्याखाली थिएटरचे नाव. तेच, गिरगावातले. रोज तीन खेळ.

बाईंनी बोटांवर मोजले. तिसरा आठवडा सुरू झाला बावीस मार्चला. दुसरा पंधराला. पहिला आठला. पुन्हा मोजले. शाळेतली मुले चुकली की त्या पुन्हा मोजायला लावत, तसे.

"पंधराला तिथे हनुमान होता," त्या म्हणाल्या.

समरीन उठून त्यांच्या मागे आली. तिनेही वाचले. मग खाली मान घालून म्हणाली, "चालणारा चित्रपट थिएटरने उतरवला नसेल."

"सकाळचा खेळ ठेवला असेल आपल्याला," बाई एकदम म्हणाल्या. "मॅटिनी."

"आपल्याच जाहिरातीत रोज तीन खेळ म्हटलंय, बाई. आणि मॅटिनीला का होईना, लागला असता तर धंद्याच्या सदरात एक ओळ आली असती."

 बाईंनी ते बाड उलटसुलट चाळले, पुढे गेल्या. ऑक्टोबर अकरा, 'खाजणातली वाट' प्रदर्शित; एकोणीसच्या अंकात परीक्षण. मग मजीदभाईंकडून अठ्ठावन्न सालचे बाड घेतले. बावीस फेब्रुवारीच्या अंकात अखेर सापडले: 'दोन गलबतं', चौदा फेब्रुवारीपासून. परीक्षणकर्त्याने लिहिले होते, की 'खाजणातली वाट'च्या यशानंतर वितरकाने नाखरेकरांचा हा आधीचा, पडून राहिलेला चित्रपट बाहेर काढला आहे. संवाद मात्र ऐकण्याजोगे आहेत.

 खालच्या हॉलमध्ये कोणीतरी लाउडस्पीकर तपासत होते. हॅलो, हॅलो.

"म्हणजे यांना माहीत होतं," बाई म्हणाल्या. "अठ्ठावन्नमध्ये चित्रपट लागला तेव्हा यांना कळलं असणारच. आणि तरी मला पस्तीस वर्षं..."

"सर खोटं नव्हते बोलत, बाई. पहिला बनवलेला तो होताच."

"अर्धं सांगणं हा मास्तरांना शोभणारा प्रकार नव्हता. आणि त्या काशीरामने तरी का गप्प बसावं? सगळीकडे खोटं बोलला मेला, आणि खरं बोलायला हीच जागा सापडली त्याला!"

मजीदभाईंनी घसा खाकरला. "वहिनी, एक सांगू? सोळाचा अंक नाहीच आहे. हनुमानाची जाहिरात कोण बघायला येतंय? तुम्ही नाही बघितली, आम्ही तरी कशाला बघितली असती? छापून टाका. मास्तर माझे दोस्त होते."

"तुमचे दोस्त होते, माझे यजमान होते," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तसं छापता येत नाही, मजीदभाई. परकं कोणी असतं तर कदाचित एवढं तपासायचं माझ्या हातून राहून गेलं असतं."

त्यांनी पिशवीतून मुद्रित काढले, तांबडी पेन्सिल काढली. 'यशाच्या धुंदीत' या वाक्यावर आधी काट मारली. ती इतक्या जोराने, की कागद फाटला. पहिल्या प्रदर्शित चित्रपटावरही काट मारताना हात क्षणभर अडला. मग तोही पुढे गेला.

"कंसात 'निर्मितीक्रमाने पहिला' असं लिहूया का?" समरीनने विचारले.

"कंसात काही नको. सांत्वन मुद्रितात घालत नाहीत. लिही. पहिला प्रदर्शित चित्रपट: खाजणातली वाट, अकरा ऑक्टोबर एकोणीसशे सत्तावन्न. पुढचं वाक्य. त्याआधी पूर्ण झालेला व फेब्रुवारी सत्तावन्नमध्ये सेन्सॉरसंमत 'दोन गलबतं' हा पंधरा मार्चला जाहीर होऊनही त्या दिवशी लागला नाही. तो चौदा फेब्रुवारी अठ्ठावन्न रोजी प्रदर्शित झाला. खाली दोन्ही अंकांच्या तारखा दे. हनुमानाचीही दे."

समरीन लिहीत होती. तिने कथा-संवादाची ओळ घातली आणि 'द. वा. साखळकर' असे लिहून वर पाहिले.

बाई खुर्चीतून उठल्या होत्या. पदराने चष्म्याच्या काचा पुसत त्यांनी कागदावर एक नजर टाकली.

"आद्याक्षरं खोड," त्या म्हणाल्या. "दत्तात्रेय वामन साखळकर. एवढी जागा आहे त्या ओळीत."