दसऱ्यापर्यंतचा शब्द

पद्माकाकूंच्या वाडीत यंदा पोफळींना पहिली पोय, म्हणजे सुपारीचा फुलोरा, आली. वादळाने जुनी वाडी एका दुपारी आडवी केली, त्या पावसाळ्यातच काकूंनी ही रोपं लावली होती. सहा वर्षं त्यांनी प्रत्येक आळ्यात हाताने पाणी सोडलं. स्वतःच्या विहिरीचं नाही, ती वादळापासून मचूळ झाली होती. पाणी शेजारच्या देवदत्तकाकांच्या विहिरीचं. ते पनवेलला असतात, वाडी नुसतीच पडून. "घ्या वहिनी, पाण्याला कुठे दार असतं," असं ते तेव्हा म्हणाले होते.

पाणी सोडताना काकू गुणगुणायच्या:

पोफळीबाई गं, तुझी सावली बारीक,
शेजीच्या विहिरीशी तुझी जन्माची सोयरीक.

मी त्यांच्या मागच्या घरात लहानाची मोठी झाले. आता श्रीवर्धनला वकिली करते, पण गावात मला वकील कोणी म्हणत नाही. आशू म्हणतात, आणि भाजणी दळायला देतात.

गणपतीत देवदत्तकाका आले. आरती झाल्यावर ओटीवर बसून त्यांनीच विषय काढला.

"वहिनी, वाडी काढतोय. विहिरीसकट. बावीस लाख. बाहेर सांगण्याआधी तुम्हाला विचारतो."

काकूंच्या हातातल्या तबकातला मोदक तसाच राहिला. "बावीस कुठून आणू हो एकदम? पतपेढीत अर्ज टाकते. ह्यांना शनिवारी माणगावहून येऊ दे."

"सावकाश करा. दसऱ्यापर्यंत थांबतो. तोवर दुसऱ्या कुणाला देत नाही, हा शब्द."

काकू उठल्या, आत गेल्या आणि पाचशे एक रुपये घेऊन आल्या. "हे ठेवा. दसऱ्यापर्यंत थांबणार म्हणून."

देवदत्तकाकांनी हात मागे घेतला. "काय वहिनी, मला वाण्याच्या पंगतीत बसवता? आपल्यात पैसे कसले?"

काकू ओशाळल्या. नोटा पदराखाली गेल्या.

मी तिथेच बसले होते. मला ठाऊक होतं, त्या पाचशे एकाचं काय मोल आहे ते. थांबण्याच्या वचनाला मोबदला मिळाला असता, तर ते थांबणं त्यांना बांधलं असतं. नाही घेतला, तर शब्द हा नुसता शब्द. बोलणं ओठापर्यंत आलं. पण गणपतीसमोर, शेजाऱ्याच्या तोंडावर, "काका, घ्या ते पैसे, नाहीतर तुम्ही फिराल" असं कसं म्हणायचं? मी मोदक खाल्ला.

पतपेढीचं मंजुरीपत्र आलं ते पितृपक्षात, अमावास्येला तीन दिवस राहिले असताना. काकू ते घेऊन थेट माझ्या ऑफिसात आल्या. बसल्याही नाहीत.

"आशू, झालं गो. बांगड्या आणि हे धरून पुरे बावीस."

"मग आत्ता इथेच त्यांना लिहा. 'बावीस लाखांना मान्य आहे.' एवढंच. पुढे अट नको, पण-बिण नको. तुमचं मान्य त्यांना पोचलं की करार झाला. मग त्यांना मागे फिरता यायचं नाही."

काकू खुर्चीत टेकल्या. "आत्ता? पितरांच्या दिवसांत?"

"काकू, फोनवर दोन शब्द लिहायचेत, वास्तुशांत नाही करायची."

"चेष्टा करू नकोस. नव्या जमिनीला या दिवसांत हो म्हणतात का कोणी? घटस्थापनेला सकाळी लिहिते. चारच तर दिवस. आणि दसऱ्याला अजून दोन आठवडे आहेत. देवदत्तभावजींनी शब्द दिलाय."

"शब्द दिलाय, पण बदल्यात त्यांनी काही घेतलं नाही. उद्या ते नाही म्हणाले तर आपल्या हातात काही नाही."

"ते तसे नाहीत," काकू म्हणाल्या. ज्या आवाजात त्या म्हणाल्या, त्यापुढे कायदा कसा बोलायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी गप्प बसले. ही माझी दुसरी चूक.

सर्वपित्रीच्या दिवशी पानावरून उठता उठता काकूंचा फोन वाजला. मेसेज होता:

'वहिनी, क्षमा करा. वाडीबद्दल तुम्हाला बोललो होतो ते मी मागे घेत आहे. किहीमचे एक गृहस्थ सव्वीस देत आहेत. मुलीच्या अमेरिकेच्या शिक्षणाचं तुम्हाला माहीत आहेच.'

काकूंनी लगेच उलट विचारलं, 'का?' मग दहा मिनिटांनी लिहिलं, 'आम्हाला बावीस लाखांना मान्य आहे.' आणि हात धुवायचे विसरून माझ्या ओटीवर आल्या.

"पाठवलं बघ मान्य. पितरांचा दिवस, तरी पाठवलं. आता चालेल ना?"

मी दोन्ही मेसेज वाचले. वेळा वाचल्या. पुन्हा वाचल्या, जणू वाचून त्या बदलतील.

"काकू, त्यांनी मागे घेतलेलं आधी तुम्हाला कळलं. मान्य नंतर गेलं. मागे घेतलेल्या गोष्टीला मान्य म्हणता येत नाही."

"मी तो मेसेज उघडलाच नव्हता असं म्हटलं तर?"

"तुम्ही त्याला 'का' असं उत्तर दिलंय."

काकूंनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "का एवढं तरी विचारायला नको होतं का?"

मी देवदत्तकाकांना फोन लावला, स्पीकरवर. ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

"आश्लेषा, मी शब्द मोडला. ते पाप माझ्या माथी. पण कोर्टात जाशील तर तुलाच माहीत आहे."

"माहीत आहे, काका."

"वहिनी सव्वीस देतील का? त्यांच्याशी अजून साठेखत व्हायचंय."

काकूंनी नकारार्थी मान हलवली. फोनला ते दिसलं नाही, मला सांगावं लागलं.

"मग पाण्याचं काय हो, भावजी?" काकूंनी विचारलं.

"नव्या मालकांशी बोलतो," ते म्हणाले.

रात्रभर मी कायद्याचं पुस्तक उलटंसुलटं केलं. पाण्याचा हक्क? सहा वर्षांत तो होत नाही, वीस लागतात, आणि तेही कुणाच्या परवानगीने नव्हे. इथे तर काकू दर वर्षी केळ्यांचा पहिला घड पाठवून रीतसर विचारत आल्या होत्या. जितकं सौजन्य, तितका हक्क कमी.

दसऱ्यानंतर नव्या मालकाचा माणूस कुंपणाचे खांब मोजायला आला. सुयश नाव, तोंडाने गोड. काकूंनी त्याला सरबत दिलं. या वेळी मी तोंड उघडलं.

"सुयश, पाण्यासाठी आम्ही महिना पाचशे देतो. मालकांनी मेपर्यंत पाणी द्यायचं. दोन ओळी लिहून सही करून द्या."

"अहो मॅडम, पाणी घ्या की. साहेब कुठे नाही म्हणतायत? पैसे कशाला?"

"पैसे घ्या आणि लिहून द्या."

तो बाजूला जाऊन फोनवर बोलला आणि हसतच परत आला. "साहेब म्हणाले, लिहून काही देत नाही. तोंडी चालू राहू दे."

"कुठपर्यंत?"

"ते नाही सांगितलं."

काकूंनी रिकामा पेला उचलला. मला वाटलं, आता त्या मला काहीतरी बोलतील. पण त्यांनी सुयशलाच विचारलं, "कुंपण कधी घालणार?"

"खांब आले की."

काकू आपल्या वाडीत गेल्या आणि विहिरीचा पंप सुरू केला. आदल्याच दिवशी पाणी दिलं होतं, आळी ओलीच होती. तरी त्या पाट फिरवत राहिल्या, एकेका पोफळीपाशी थांबत, जिला पोय आली होती तिच्यापाशी जरा जास्त. मीही फावडं घेतलं. मला दुसरं काही करता येत नव्हतं.