शरणम्माच्या गोळ्यांचा तक्ता

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात लेक गुरम्मा चार दिवस उमरीला निघाली. आई शरणम्माच्या औषधांचा सलग लिहिलेला कागद तिनं बापाच्या हाती दिला. बसवंतअप्पांना त्यातून काही उमगेना. टँकरची वाट पाहत त्यांनी रेघा मारल्या आणि उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, दुपारी, रात्री अशा रांगांत एकेक गोळी बसवली. थायरॉइडच्या गोळीसोबत दुसरं काही देऊ नका, असं वर लिहिलेलं होतं. पण खालची कॅल्शियमची गोळीही उपाशीपोटीच्याच रांगेत आली. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

“कॅल्शियम दुपारी जेवल्यावर द्या. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.”

अप्पांनी गुरम्माला कळवलं.

“मी तर लई दिवस सोबतच देऊन राहिले, अप्पा.”

“आता न्हाई देणार,” म्हणत त्यांनी कॅल्शियम दुपारच्या रांगेत लिहिलं आणि शरणम्माला जेवायला उठवलं.