नवीन नोंदी: शून्य

रविवारी सकाळी साडेअकराला वॉर्ड तीनमध्ये, नऊ नंबरच्या खाटेशेजारी बसून मास्तरांनी फोन पाहिला. खाटेवर त्यांची बायको होती, हॉस्पिटलात सगळ्यांची काकू. दोन वर्षं डायलिसिसवर, ताप आला म्हणून शुक्रवारी दाखल केलेली. दहा वाजता तिचं रक्त तपासायला गेलं होतं.

मास्तर शिक्षक नव्हते. ते याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, संगणक विभागात बावीस वर्षं होते. फळ्यावर चौकटी काढल्याशिवाय काही सांगत नसत, म्हणून ते नाव पडलं होतं. लॅबचा प्रत्येक रिपोर्ट एका लांबलचक यादीत क्रमाने जाऊन बसे. मास्तरांनी लिहिलेला एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी त्या यादीपाशी जाई, मागच्या वेळी ठेवलेल्या खुणेपासून पुढचं वाची, धोक्याचा आकडा दिसला तर डॉक्टरांच्या आणि वॉर्डच्या फोनवर संदेश पाठवी आणि खूण पुढे सरकवी. पूर्वी असे आकडे लॅबवाले स्वतः फोन करून कळवत. आता रिपोर्ट यादीत पडला की त्यांच्या पडद्यावर हिरवी टिक येई, आणि त्यांच्यापुरतं काम संपे.

फोनवर दिसत होतं: ‘नवीन नोंदी: ०. सर्व वाचून झाले.’

“आला का रिपोर्ट?” सिस्टरने विचारलं.

“नाही अजून.”

“लॅबला फोन लावू?”

“कशाला? रविवारी तिथे एकटा माणूस असतो. आला असता तर इथे दिसला असता.”

“तुमचं यंत्र, तुम्हालाच माहीत.”

“यंत्र कसलं, सवत आहे माझी,” काकू उशीवरूनच म्हणाली. “बावीस वर्षं नांदवतायत तिला.”

सिस्टर हसत पुढच्या खाटेकडे गेली. पावणेतीन वाजता काकूचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी चाळीस मिनिटं प्रयत्न केले.

सोमवारी सकाळी तळमजल्यावर तक्रारी सुरू झाल्या. शनिवार संध्याकाळपासून एकाही डॉक्टरला लॅबचा संदेश आला नव्हता. विभागात छोटी एकटीच होती. ती तीन वर्षांपूर्वी लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून छोटी. काम तिला मास्तरांनीच शिकवलं होतं.

तिने आधी प्रोग्रामचा इतिहास उघडला. दर पाच मिनिटांनी तो वेळेवर उठला होता, कुठे पडला नव्हता, एकही चूक नोंदवली नव्हती. प्रत्येक वेळी तीच ओळ: नवीन नोंदी शून्य, सर्व वाचून झाले. मागच्या रविवारचा इतिहास तिने शेजारी उघडून ठेवला. तिथेही शून्यांच्या अशाच रांगा होत्या. पाहून सांगता येत नव्हतं, कुठली खरी.

मग तिने प्रोग्रामला विचारायचं सोडलं आणि थेट यादीला विचारलं. तुझ्यात पुढची नोंद कुठल्या क्रमांकावर पडणार? चाळीस हजार एकशे त्रेसष्ट. आणि वाचणाऱ्याची खूण? तो पुढे कुठून वाचणार? चाळीस हजार एकशे अठरा. सगळं वाचून झालं असतं तर दोन्ही आकडे एकच असते. पंचेचाळीस रिपोर्ट न वाचता पडून होते, आणि खूण शनिवारी सहा वाजल्यापासून तसूभर हलली नव्हती.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. शनिवारी यादीचं मशीन नव्या जोडणीवर हलवलं होतं. वाचणाऱ्या प्रोग्रामला यादी हातात मिळायला आता सात सेकंद लागत होते, आणि त्याला थांबायला सांगितलं होतं पाच सेकंद. दार उघडायच्या आतच तो माघारी फिरत होता, आणि येऊन सांगत होता की आत काही नाही. पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून तेच.

तिने पाच सेकंदांचे तीस केले. पुढच्या फेरीत पंचेचाळीसही वाचून झाले आणि खूण एकशे त्रेसष्टवर येऊन थांबली. छोटीने खुर्चीला पाठ टेकली.

दोन मिनिटांनी वॉर्ड तीनचा फोन आला. सिस्टर होती.

“अगं, नऊ नंबरला पोटॅशियम सात पॉइंट चार असा संदेश आलाय, ताबडतोब बघा म्हणून. मी धावत गेले, तर आज आलेली बाई मजेत मोसंबं सोलतेय. तिचं तर रक्तच घेतलेलं नाही. कुणाचा आहे हा?”

छोटीने नोंद उघडली. नाव वाचलं. वेळ वाचली: रविवार, अकरा वाजून बारा मिनिटं.

“सिस्टर,” ती म्हणाली, “कालचा आहे तो.”

मग सिस्टर म्हणाली, “मी लॅबला फोन लावते म्हणाले होते गं.”

छोटी संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेली. भेटायला आलेली माणसं उठत होती. लेकीने चहा आणून ठेवला आणि दाराशी उभी राहिली. छोटीने वाटेत ठरवलं होतं, आज बोलायचं नाही. आठ-पंधरा दिवस जाऊ द्यायचे.

“आज काय होतं ऑफिसात?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही मास्तर. संदेश जरा अडकले होते. झालं सुरळीत.”

“कधीपासून?”

“तुम्ही कशाला आत्ता…”

“शनिवारपासून? मशीन हलवल्यापासून?”

तिने मान हलवली.

“खूण कुठे होती?”

“एकशे अठराला.”

“आणि शेवट?”

“मास्तर, राहू द्या ना.”

“शेवट कुठे होता छोटे?”

“एकशे त्रेसष्ट.”

त्यांनी मनात वजाबाकी केली. मग सावकाश, पडताळून पाहावं तसं म्हणाले, “काही मिळालं नाही की सर्व वाचून झाले, ही ओळ माझी. तू पहिल्याच वर्षी विचारलं होतंस, शेवटाशी ताडून का बघत नाही म्हणून. मी काय म्हणालो होतो?”

“आठवत नाही.”

“आठवतंय तुला. शहाणपणा करू नकोस म्हणालो होतो.” त्यांनी चहाचा कप उगाच थोडा बाजूला सरकवला. “तिचा कितवा होता?”

छोटी रडायला लागली. तिने क्रमांक सांगितला आणि वेळही सांगितली.

“बाबा, काय झालं?” लेक दारातून पुढे आली. “कशाची वेळ?”

छोटी घाईने म्हणाली, “ताई, ते आमचं ऑफिसचं…”

“थांब,” मास्तर म्हणाले. लेकीला त्यांनी समोर बसवलं. “आईचा रिपोर्ट आला होता काल. अकरा वाजून बारा मिनिटांनी. पोटॅशियम फार वाढलं होतं. तेव्हा कळलं असतं तर लगेच औषध देता आलं असतं, डायलिसिसला नेता आलं असतं. सिस्टर फोन करते म्हणत होती, मी नको म्हणालो. माझ्या फोनवर काही आलेलं नव्हतं, आणि नाही म्हणजे नाहीच असं मी धरून चाललो.”

लेकीने आपला फोन काढून कालचे कॉल वर सरकवले.

“बारा वाजता मी आईशी बोलले,” ती म्हणाली. “अकरा मिनिटं. पाय जड झालेत म्हणाली, उचलवत नाहीत. मी म्हटलं, बाबांना सांग. तर म्हणाली, सांगितलंय, ते बघतायत फोनमध्ये.”

लेक उठली, त्यांचा न प्यायलेला चहा उचलून आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार तिने लावून घेतलं.