हाताला दोन रुपये

सांगलीच्या हळदपेठेमागं राहणारी बयाबाई मेंदी काढायला शिकली ती शेजारच्या मारवाडी सुनांकडून, पण भाव सांगायला तिला शिकवलं कोरेगावनं. तिथल्या एका लग्नात तिनं सगळ्या घराचं काम पन्नास रुपयांत उक्तं घेतलं. घरच्या बायका, मग भावकीतल्या, असं करता करता सगळी आळीच हात पसरून बसली. नवरीच्या पायांवर काढायच्या आधीच मेंदी संपली आणि एस.टी.चं भाडंही पदरचं गेलं. तेव्हापासून तिचा नियम ठरला. नवरीचे कोपरापर्यंत हात आणि पाय मिळून पंचवीस रुपये, बाकीच्यांचे हाताला दोन, जायचं-यायचं तिकीट वेगळं. सख्खी बहीण आली असती तरी तिला हेच ऐकावं लागलं असतं.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात बहीण नाही, पण मनुबाई आली. दोघी वडूजच्या, लहानपणापासूनच्या मैत्रिणी. मनुबाईचा नवरा हंबीरराव लष्करात हवालदार. थोरल्या मुलीच्या, सुलाच्या, लग्नासाठी रजा काढून उंब्रजला घरी आला होता.

"बये, साऱ्या घराचं मिळून उक्तं चाळीस घे. तिकीट त्यातच धर," मनुबाई म्हणाली.

"उक्तं न्हाई करत मी आता. किती हात येतील ते तुला तरी कुठं ठावं हाय?"

"घरच्याच बाया. पंधरा हायत."

"मग तीस हात झालं की. नवरी धरून पंच्याऐंशी व्हत्यात, तिकिटाचं बारा वरती. माझी बोटं सुजत्यात मने, आन मैत्रिणीकडं गेले म्हणून ती सुजायची थांबत न्हाईत."

मनुबाईनं बोटांवर हिशेब केला. "बरं, नुसती नवरी कर," ती म्हणाली.

तरी बयाबाईनं डबाभर मेंदी भिजवून नेली. तिचा अंदाज पक्का होता. नवरीचा हात बघितला की बायकांना राहवत नाही.

अंदाज खराही ठरला. नारळाच्या हिराची काडी सुलाच्या तळव्यावरून फिरू लागली तशा जावा, नणंदा, आत्या सगळ्या गोळा झाल्या. एकीनं हात पुढं केलाही. मनुबाई घाईनं म्हणाली, "आपल्यात कुठं हाय ही सवय? चला, पोळ्या लाटायच्यात." बायका उठल्या. दारात उभा असलेला हंबीरराव हसत म्हणाला, "आवं बयाबाई, आमच्या मंडळींच्या हातावरबी काय तरी काढा की."

"मी काय नवरी हाय व्हय?" मनुबाई म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

बयाबाईनं ते बघितलं. नाही बघितलं असं ती पुढं कधी स्वतःलाही म्हणू शकली नाही. नवरीचे पाय संपले तेव्हा डबा निम्मा भरलेला होता आणि एस.टी.ला दोन तास होते. 'मने, बस इथं,' एवढंच म्हणायचं होतं. पण एकीचा हात फुकट काढला तर बाकीच्या चौदा काय गप्प बसतील? कोरेगाव डोळ्यांपुढं आलं आणि तिनं दोन तास चहा पिऊन काढले. भिजवलेली मेंदी दुसऱ्या दिवशी रंगत नाही. स्टँडवरच्या लिंबाच्या बुडाशी तिनं डबा पालथा केला आणि नियम पाळल्याच्या समाधानात सांगलीला आली.

दिवाळीच्या आत निरोप आला. काश्मीरकडं लष्कराची गाडी दरीत गेली होती. हंबीरराव त्यात होता.

एकोणऐंशीला मनुबाईच्या धाकटीचं लग्न ठरलं, तेव्हा बयाबाईनं आपण होऊन निरोप धाडला. उक्तं तीस, तिकीट माझं मी बघते, येतील तेवढे हात काढीन. खरंतर तिला काहीच नको होतं, पण मनुबाईनं फुकट घेतलं नसतं.

यावेळी बायकांची रांग लागली. बयाबाईची बोटं सुजली, पण तिनं काडी खाली ठेवली नाही. मनुबाई वाटीत लिंबू-साखरेचं पाणी घेऊन प्रत्येकीच्या वाळत्या मेंदीवर कापसानं लावत होती. रांग संपली. डब्यात थोडी मेंदी उरलीच होती.

"मने, बस," बयाबाई म्हणाली. "कोण काय म्हणायचं ते म्हणू दे."

मनुबाईनं वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. तसेच, त्या दिवसासारखे.

"तवा म्हणली असतीस तर बसले असते गं," ती म्हणाली. "त्यांनी तोंडानं मागितलं व्हतं."

चार रुपयांचं काम होतं ते. बयाबाई डबा घेऊन न्हाणीकडं गेली आणि उरलेली मेंदी किती वेळ हातानं धूत राहिली.