कान पिळायला पाच दिवस

धुळ्याच्या त्या सरकारी कार्यालयात लग्नासाठी रजा मागताना खरं कारण लिहायची पद्धत नव्हती. आस्थापनेचे तोताराम नाना तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, "माय आजारी शे, आसं लिख. आजारी मायले कोनी नाही म्हनत नही." पण जितेंद्रची आई ठणठणीत होती, आणि तिच्या नावानं दुखणं लिहायला त्याचा हात धजेना. त्यानं सरळ लिहिलं: चुलत बहिणीचे लग्न, गुवाहाटी. पाच दिवस अर्जित रजा, मागे-पुढे शनिवार-रविवार जोडून, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह.

नानांनी कपाळावर हात मारला, तरी रजा शिल्लक असल्याचा शेरा मारून अर्ज आत पाठवला.

कार्यालयप्रमुख शालिग्राम साहेबांनी चष्मा वर केला. "चुलत? सख्खी असती तर गोष्ट वेगळी. त्या आठवड्यात वार्षिक तपासणी आहे, आवक-जावकचं टेबल कोण बघणार? तीन दिवस किरकोळ रजा घ्या."

"साहेब, गाडी भुसावळहून. जायलाच अडीच दिवस लागतात. लग्न बुधवारी. तीन दिवसांत मला सोमवारीच परत निघावं लागेल."

"मग आहेर पाठवून द्या."

 जितेंद्रचे काका रेल्वेत बदली होऊन तिकडे गेलेले, पदरी एकुलती मुलगी कामिनी. परवाच फोनवर त्यांचा आवाज भरून आला होता: "तू उना नही ते नवरदेवना कान कोन पिळी रे?"

त्यानं धीर केला. "साहेब, तिला सख्खा भाऊ नाही. नवरदेवाचा कान मलाच पिळायचा आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. 

"आमच्या हिलाही भाऊ नव्हता," ते हळूच म्हणाले. "चुलतभावाला रजा मिळाली नाही. शेजारच्या कुणी तरी माझा कान पिळला आणि जेवून निघून गेला. नंतर कधी तो आमच्या दारी आला नाही. आला पाहिजे असंही त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

दाराशी घुटमळणारे तोताराम नाना एकदम आत आले. आजवर त्यांनी कुणाच्या टेबलाचा कार्यभार घेतलेला नव्हता, आणि तसं ते अभिमानानं सांगत.

"आवक-जावक मी पाहतो साहेब. तपासणीचंही पाहतो."

साहेब आश्चर्यानं त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तिथल्या तिथे कार्यभार नानांकडे सोपवल्याचं लिहिलं आणि 'मंजूर' म्हणून सही ठोकली.  जितेंद्र आनंदानं वाकून नमस्कार करून वळला.

"थांबा," साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "बहीण गुवाहाटीत, म्हणजे भाऊबिजेलाही अडीच दिवस लागणार. तो अर्ज आत्ताच लिहून ठेवा."