उत्तरेश्वरची मुलाखत

वल्लरीची कादंबरी महिनाभर एकाच प्रसंगात अडकली होती. येरवड्याच्या तुरुंगातून निवृत्त झालेला शिपाई उत्तरेश्वर, घर सोडून निघालेल्या मुलीला थांबवू पाहतो, एवढाच तो प्रसंग. पण बाप तोंड उघडायचा आणि भाषण ठोकायचा.

"मग त्यालाच विचारू," मैत्रीण स्वराली म्हणाली. ती नाटकं लिहायची आणि अडली की पात्रांच्या मुलाखती घ्यायची. विश्रांतवाडीच्या आपल्या घरी तिनं प्रश्नावली पुढ्यात घेतली. "तू उत्तरेश्वर होऊन उत्तरं दे. विचार करत बसू नकोस. सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

"दाराच्या कड्या बघतो," वल्लरी म्हणाली.

"भीती कशाची वाटते?"

"चहा घेणार का तुम्ही?"

स्वरालीला हसू आलं. "अहो, भीती कशाची वाटते?"

"लांबून आलात का?"

"मुलीवर जीव आहे?"

"तिची गाडी कितीची आहे, काही बोलली का तुम्हाला?"

वल्लरी थबकली. हे तिनं ठरवलेलं नव्हतं. वर्मावर बोट ठेवलं की हा माणूस उलटा प्रश्न टाकत होता. असला माणूस भाषण कसलं करतोय!

तिनं पानभर मजकूर खोडला. आता उत्तरेश्वर मुलीला एवढंच विचारत होता, "तिकडं पाणी कसं आहे गं?" बॅग भरता भरता मुलीचा हात थांबला.

"आता ती काय म्हणेल?" स्वरालीनं विचारलं.

"मला तरी कुठं माहितीये?" वल्लरी खुर्चीत सरसावून बसली. "तिलाच विचार."