कळवणे म्हणजे

ऑफिसात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. नाव ठेवणाऱ्यांनी चेष्टेने ठेवलं होतं, पण तिला ते मिरवायला आवडायचं. वाक्य कितीही लांबलचक असो, तिच्या हातात आलं की सुटसुटीत होऊन बाहेर पडायचं, आणि त्यातलं एकही वचन खाली सांडायचं नाही.

कंपनी लोकांच्या आठवणी सांभाळायची. फोटो, चित्रफिती, आवाज, सगळं आपल्या ॲपमध्ये टाकायचं आणि निर्धास्त व्हायचं. आता अशा ॲपच्या सेवा-अटी कोण वाचतो? ‘मी वाचले, मला मान्य आहे’ हे आपण सगळेच धडधडीत खोटं बोलतो, आणि त्यासाठी तोंडही उघडावं लागत नाही. तरी त्या अटी सोप्या करून लिहायचं काम कात्रीकडे आलं, तेव्हा तिचा हट्ट होता की उद्या कोणी वाचायला बसलंच, तर त्याला समजलं पाहिजे.

हा हट्ट तिला गुरुजींनी लावला होता. गुरुजी म्हणजे कंपनीच्या कायदा विभागाचे प्रमुख. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण समजावण्याची हौस दांडगी, म्हणून ते नाव. कात्री नवखी असताना त्यांनीच तिला शेजारी बसवून घेतलं होतं.

“वाक्य लहान करणं म्हणजे शब्द कापणं नव्हे,” ते म्हणायचे. “आधी बंधनं शोध. कोणी, कोणासाठी, काय, कधीपर्यंत करायचं. आपल्यावरचं बंधन लाल, गिऱ्हाइकावरचं निळं. मग वाक्य खुशाल तोड. शेवटी लाल-निळ्याचा मेळ बसला पाहिजे. आणि कर्ता गाळायचा नाही. ‘केले जाईल’ असं लिहिलंस की समज, कोणीच करणार नाही.”

सगळ्यांत अवघड वाक्य होतं बंद पडलेल्या खात्यांचं. जुन्या अटींत ते असं होतं: ‘खातेदाराने सलग एक वर्ष खाते न वापरल्यास, व नोंदवलेला ईमेल व फोन क्रमांक अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी खातेदाराची राहून, कंपनीस सदर खाते बंद करता येईल, परंतु तत्पूर्वी कंपनी खातेदारास नोंदवलेल्या ईमेलवर व फोनवर, अशा दोन्ही मार्गांनी, तसे कळवील, व कळवल्यापासून साठ दिवसांपर्यंत त्यातील काहीही पुसणार नाही व खातेदारास आपला साठा उतरवून घेऊ देईल.’

एका दमात वाचलं तर धाप लागावी. कात्रीने त्याचे तुकडे केले.

‘तुमचा ईमेल किंवा फोन नंबर बदलला, तर तो खात्यातही बदला. तुम्ही सलग एक वर्ष खाते वापरले नाही, तर आम्ही ते बंद करू शकतो. बंद करण्याआधी आम्ही तुम्हाला ईमेलवर आणि फोनवर, दोन्हीकडे कळवू. कळवल्यापासून साठ दिवस आम्ही त्यातले काहीही पुसणार नाही. त्या दिवसांत तुम्ही तुमचा साठा उतरवून घेऊ शकता.’

गुरुजींनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. “इथे चुकलीस. ‘घेऊ शकता’ ही नुसती मुभा झाली. सोय करून द्यायचं आपलं बंधन कुठे गेलं? ‘आम्ही तुम्हाला तुमचा साठा उतरवून घेऊ देऊ’ असं लिही.”

असा डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस. त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?

मग त्यांनीच आणखी एक युक्ती सुचवली. “हे ‘ईमेलवर आणि फोनवर, दोन्हीकडे’ अटींत किती ठिकाणी आलंय बघ. दर बदलला तरी कळवू, अटी बदलल्या तरी कळवू. तीच शेपटी सगळीकडे. ती सुरुवातीला ‘शब्दांचे अर्थ’ आहेत तिथे एकदाच लिही. मग पुढे नुसतं ‘कळवू’ म्हटलं की भागलं.”

युक्ती बिनचूक होती. असंच करतात आणि असंच करावं. कात्रीने अर्थांच्या यादीत ओळ घातली: ‘कळवणे म्हणजे तुम्ही नोंदवलेल्या ईमेलवर आणि फोनवर, दोन्हीकडे, निरोप पाठवणे.’ मग जिथे जिथे शेपटी होती तिथून ती काढली. वाक्यं हलकी झाली. लाल-निळ्याचा मेळ बसला. तिने सही केली आणि अटी गुरुजींच्या हवाली केल्या.

खातेदारांना जी ईमेल गेली तीही तिनेच लिहिली. ‘आम्ही आमच्या अटी सोप्या केल्या आहेत. वाक्ये लहान झाली आहेत. अर्थ बदललेला नाही.’ त्या दिवशी धाकटी बहीण फोनवर हसत म्हणाली होती, “ताई, ही तूच लिहिलीस ना? लगेच ओळखलं. पहिल्यांदाच कुठल्या तरी कंपनीचं मला कळलं.”

धाकटीचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. मुक्कामाच्या ठिकाणी गाडी लावली की फोनवर मुलीसाठी गोष्ट रेकॉर्ड करायचा आणि घरी आला की ऐकवायचा. गोष्टी त्याच्या स्वतःच्या, अर्ध्याच्या वर विसंगत. मागच्या गोष्टीत मेलेला राक्षस पुढच्या गोष्टीत तिकीट काढून बसलेला असायचा. अटी सोप्या होण्याच्या काही महिने आधी तो गेला, आणि तोही अपघातात नाही, साध्या तापाने. त्याचा फोन आचके देत होता, तेव्हा कात्रीनेच धाकटीला सांगितलं होतं, “सगळ्या गोष्टी आमच्या ॲपवर टाक आणि निवांत राहा. मी आहे ना तिथे.” धाकटीने सगळं चढवलं, आणि त्यानंतर ते खातं उघडलं नाही. त्याचा आवाज ऐकायची छाती होत नव्हती. आहे, सुरक्षित आहे, एवढंच तिला पुरत होतं.

दीड वर्षाने एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला.

“ताई, ही काल विचारत होती, बाबा बोलायचा कसा. तिला आठवेना गं. म्हटलं, आता ऐकूया. तर लिहून येतंय, हे खाते बंद झाले आहे.”

“शक्यच नाही. आधी आम्ही कळवतो. तू नंबर बदललास का? तो खात्यात बदलायचा असतो, ती तुझी जबाबदारी होती.”

धाकटी म्हणाली, “नंबर तोच आहे ताई. ज्यावर तू आत्ता बोलतेयस.”

कात्री तडक खालच्या मजल्यावर, साठा सांभाळणाऱ्या इंजिनिअरकडे गेली. त्याने खाते क्रमांक टाकून बघितला. “पुसलंय. राखीव प्रतही गेली. आता देवाला आणलं तरी मिळायचं नाही.”

“पण कळवलं कुठे होतं?”

“कळवलं होतं की,” तो सहज म्हणाला. “ॲपमध्ये सूचनांचं पान आहे ना, तिथे लावलं होतं. साठ दिवस पूर्ण ठेवलं.”

“जो वर्षभर ॲप उघडत नाही, त्याला ॲपमधलं पान दिसणार कसं?”

“ते मला काय विचारता? अटींत तसंच आहे.”

ती जागेवर आली आणि अटी उघडल्या. छापून आल्यापासून तिने त्या पुन्हा वाचल्या नव्हत्या. स्वतः सही केलेलं कोण पुन्हा वाचतो? बंद खात्यांचं कलम जसंच्या तसं होतं, एकेक शब्द तिचा. मग ती वर गेली, ‘शब्दांचे अर्थ’मध्ये.

‘कळवणे म्हणजे ॲपमधील सूचनांच्या पानावर निरोप लावणे.’

एवढीच ओळ बदलली होती. एक ओळ बदलून अटींतलं प्रत्येक ‘कळवू’ पोकळ करून टाकलं होतं. जुन्या बोजड अटींत हे करायचं तर दर कलमात हात घालावा लागला असता, आणि कोणाच्या तरी नजरेला आलं असतं. आता सगळी शेपटं तिने आपल्या हाताने एका खुंटीला बांधून दिली होती, आणि कोणीतरी फक्त खुंटी उपटली होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण तिनेच मन लावून घातलेलं.

गुरुजी चष्मा पुसत बसले होते. ती दारातूनच म्हणाली, “अर्थ कोणी बदलला?”

त्यांनी ‘कुठला’ म्हणून विचारलं नाही. यातच सगळं आलं.

“बस आधी,” ते म्हणाले. “तुझ्या कलमातला एक शब्दसुद्धा मी हलवलेला नाही.”

“हलवायची गरजच ठेवली नव्हती तुम्ही.”

“हे बघ, फोनवर निरोप गेला की लोक जागे होतात आणि खातं चालू ठेवतात. साठा फुगत जातो. वरच्यांना ते नको होतं.”

“शेपटी एका जागी आण म्हणालात, तेव्हाच ठरलं होतं?”

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “ठरवण्यात आलं होतं.”

कर्ता गाळायचा नाही, हे शिकवणारा माणूस आज स्वतःच कर्ता गाळून बोलत होता. त्यांनी आरडाओरडा केला असता, खोटं बोलले असते, तर तिला कमी लागलं असतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला आज कळलं. त्यातही केस तिचाच होता.

“माझ्या मेव्हण्याचा आवाज होता त्यात,” ती म्हणाली. “आणि ‘अर्थ बदललेला नाही’ हे तुम्ही माझ्या हातून लिहवून घेतलंत.”

“मला माहीत नव्हतं गं, तुझ्या घरचं...”

“कोणाच्या तरी घरचं असणारच होतं.”

तिने आपली सही असलेला मसुदा, छापलेल्या अटी आणि ती ईमेल, तिन्हींच्या प्रती काढल्या. तक्रार करायची तर धाकटीच्या हातात काहीतरी हवं होतं. नोकरी जाईल हे तिला दिसत होतं, पण आवाज त्यानेही परत येणार नव्हता.

धाकटीने दार उघडलं. आत मुलगी गालिच्यावर पोटावर पडून चित्र काढत होती. वाटेत कात्रीने काय बोलायचं ते ठरवलं होतं, तरी तोंडातून आलं ते असं: “अगं, ते पुसलं गेलंय.”

“कोणी पुसलं?”

“आम्ही पुसलं. तुला कळवलं नाही. आता ते मिळणार नाही.”

धाकटी रडली नाही. कागद हातात घेऊन तिने सगळ्यांत वरची ईमेल वाचली, ती मागेही वाचलेली होती. मग नुसतं कागदावरून बोट फिरवत राहिली.

“हे तक्रारीला लागेल,” कात्री म्हणाली. “माझी साक्षही लागेल. मी देईन.”

“जुन्या अटी मी वाचल्या होत्या गं,” धाकटी हळूच म्हणाली. “काही कळलं नव्हतं, म्हणून सगळ्या गोष्टींची एक नक्कल घरात ठेवली होती, जुन्या कॉम्प्युटरवर. तुझी ईमेल आली. इतकं सोपं, इतकं स्वच्छ लिहिलेलं. म्हटलं, आता कशाला ठेवायची?”

आतून मुलीने हाक मारली, “मावशी, बाबाची गोष्ट आणलीस?”